पानाच्या डब्याच्या तळातल्या पंचवीस गोळ्या

भार्गवीचे सोळाव्या दिवसाचे विधी आटोपले, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि त्यानंतरच्या सोमवारी गोमतीने थोरल्या बहिणीचा पितळी पानाचा डबा आवरायला घेतला. हा डबा त्यांच्या आईचा होता. वरच्या तबकात सहा खण आणि त्याखाली सुपारी ठेवण्याची खोल जागा, अशी त्याची घडण होती. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी भार्गवीचे पान बंद केले. तेव्हा तिने डबा चिंचेने घासून लखलखीत केला आणि त्यात आपल्या औषधाच्या गोळ्या ठेवू लागली. "पान गेलं, पण डबा कशाला जाऊ देऊ?" असे ती म्हणाली होती.

गोमतीने वरचे तबक उचलले. सुपारीच्या जागेत नेसायच्या धुवट पांढऱ्या मुंडूच्या चिंधीत बांधलेले काहीतरी होते. तिने गाठ सोडली. आत पांढऱ्या, लहान, गोल गोळ्या होत्या. तिने त्या ओसरीवरच्या चटईवर ओळीने मांडल्या. पंचवीस भरल्या.

भार्गवीच्या औषधांत लहान पांढऱ्या गोळ्या दोनच प्रकारच्या होत्या. एक रक्तदाबाची आणि दुसरी पाण्याची, म्हणजे अंगात साठलेले पाणी लघवीवाटे काढून टाकणारी. या पंचवीस गोळ्या त्या दोहोंपैकी कोणत्या, हे तिला ठाऊक नव्हते; खणांतल्या गोळ्यांशी ताडावे, तर खणच बरोबर भरले होते की नाही, याची तिला आता खात्री नव्हती. आणि ते ठाऊक नसण्याला आपणच कारण आहोत, हे मात्र तिला पुरते ठाऊक होते.

गोमतीने अडतीस वर्षे काजूच्या कारखान्यात काढली होती. आधी काही वर्षे ती काजू फोडण्याच्या विभागात होती. तिथल्या टरफलाच्या तेलाने तिच्या बोटांवरच्या रेषा कायमच्या जाळून टाकल्या, इतक्या की रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र आजही तिला ओळखत नाही. पुढे ती निवडीच्या विभागात गेली. अख्खा गर, पाकळी, तुकडा, कणी असे ढीग तिच्या हाताखाली आपोआप वेगळे होत. शेजारणीशी बोलताना, खिडकीबाहेर बघतानाही तिचा हात चुकत नसे. मुकादमीण म्हणायची, "गोमतीच्या टोपलीत दुसरा हात घालायची गरज नाही."

हीच सवय तिने घरी आणली होती. आरोग्य केंद्रातून महिन्याची औषधे आली की ती सगळ्या पट्ट्या फोडून गोळ्या परातीत काढी, निवडी, आणि एकेका प्रकाराला डब्यातला एकेक खण देई. रिकाम्या पट्ट्या ती चुलीत टाकी. टरफल ठेवून काय करायचे, असा तिचा हिशेब होता. वर्षानुवर्षे याने काही बिघडले नाही. पण गेल्या काही महिन्यांत रक्तदाबाची फिकट पिवळी गोळी यायची थांबली आणि तिच्याऐवजी दुसऱ्या कंपनीची पांढरी गोळी येऊ लागली. तेव्हापासून दोन पांढऱ्या गोळ्या एकाच परातीत पडत होत्या.

भार्गवी गेली ती सतरा तारखेच्या पहाटे. पाय सुजले होते, आणि आडवे झाले की श्वास कोंडत होता. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेले होते आणि छातीत पाणी झाले. सगळ्यांनी मान डोलावली. त्या दिवशी गोमतीनेही डोलावली होती. आता मात्र तिच्या मनात एकच प्रश्न घर करून बसला. आपण दोन गोळ्या एकाच खणात मिसळल्या असतील काय? चेचीच्या, आपल्या थोरल्या बहिणीच्या, पोटात एकच औषध दोनदा आणि दुसरे एकदाही नाही, असे झाले असेल काय? आणि तिला काही वेगळे जाणवून, आपल्याला दुखवू नये म्हणून, तिने त्या चुकीच्या गोळ्या गुपचूप बाजूला ठेवल्या असतील काय?

शनिवारी ती साक्षरता वर्गाला गेली. वर्ग वाचनालयाच्या माडीवर शनिवार-रविवारी दुपारी भरत असे. ललितांबिका टीचर तिथे शिकवीत. गोमतीने सारी हकीकत त्यांना सांगितली आणि म्हणाली, "मला औषधवाल्यांना पत्र लिहायचं आहे."

"पत्र कशाला? केंद्र तर तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. खिडकीशी जा आणि विचारा."

"खिडकीशी माझ्यामागे चाळीस माणसं असतात, टीचर. त्यांच्यासमोर कसं विचारू, की माझ्या हातून माझी बहीण गेली का म्हणून?"

"मग मी केंद्रातल्या निसामला फोन करते. चांगला मुलगा आहे तो."

"चांगला आहे, म्हणूनच नको." गोमती म्हणाली. "म्हाताऱ्या बाईला तोंडानं सांगायचं म्हटलं की माणसं साखर घालून सांगतात. लिहिताना साखर घालणं अवघड असतं. शिवाय मला आता वाचता येतं."

टीचर हसल्या. "येतं, पण जोडाक्षर आलं की तुम्ही खड्ड्यात पाय गेल्यासारख्या थांबता."

"थांबीन. पण पोचेन की नाही?"

तीन दिवसांत चार मसुदे झाले. वर्गात शिकवलेल्या रीतीप्रमाणे तिने उजवीकडे तारीख घातली, डावीकडे मायना आणि मधोमध विषय. टीचरनी दोन चुका दाखवल्या, बाकी एकाही शब्दाला हात लावला नाही. पत्र असे होते:

"माननीय औषधनिर्माते श्री. निसामुद्दीन यांस, सविनय नमस्कार.

विषय: मृत बहिणीच्या डब्यातील गोळ्या ओळखून मिळण्याबाबत.

महोदय, माझी थोरली बहीण भार्गवी आपल्या खिडकीवरून दरमहा औषध नेत असे. ती मागच्या महिन्यात वारली. तिच्या डब्याच्या तळाशी पंचवीस गोळ्या सापडल्या. त्या पांढऱ्या आहेत, गोल आहेत, मधोमध चीर आहे. अक्षर नाही. आकाराने काजूच्या मोठ्या कणीएवढ्या आहेत. पट्ट्या मी जाळल्या, हा माझा दोष आहे. डबा दरमहा मीच भरत होते. तेव्हा मला अक्षर येत नव्हते. या गोळ्या रक्तदाबाच्या आहेत की पाण्याच्या, आणि माझ्या हातून अदलाबदल झाली काय, हे कृपा करून लिहून कळवावे. मला बरे वाटावे म्हणून काही लिहू नये. जे असेल ते लिहावे. एक गोळी नमुन्यादाखल सोबत जोडली आहे.

आपली नम्र, गोमती."

साखर-रक्तदाबाची औषधे गुरुवारी सकाळी मिळत. त्या दिवशी ती रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे कारखान्यातली जुनी सोबतीण पोन्नम्मा होती.

"अगं गोमती, हातात काय? लग्नाची पत्रिका?" पोन्नम्मा म्हणाली. "नवरा कुठला बघितलास?"

"तुझा जो टिकला नाही, तोच."

"त्याला पत्रानं काही होणार नाही, बाई. त्याला काठी लागायची." पोन्नम्मा हसली आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "भार्गवीचेचीशिवाय तुला एकटीला बघायची सवय नाही गं आम्हाला."

खिडकीशी पोचल्यावर गोमतीने आपल्या औषधाच्या वहीबरोबर पाकीट आत सरकवले. निसाम तिशीचा, चष्मेवाला, आणि सकाळभर मान वर न करणारा माणूस होता. त्याने पाकिटावरचे आपले पूर्ण नाव वाचले आणि मान वर केली.

"अम्मे, तक्रार आहे का?"

"विनंती आहे. सावकाश वाच, मोने, बाळा. उत्तर लिहूनच दे. अक्षर मोठं काढ."

दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या आशाताईच्या हाती चिठ्ठी आली. गोमतीने ती ओसरीवर बसून बोट फिरवीत वाचली. तिला पाऊण तास लागला. मोठ्या अक्षरांत लिहिले होते: "नुसते बघून सुटी गोळी खात्रीने ओळखता येत नाही. एका गोळीवरून मी काही लिहिणार नाही. डबा आहे तसा आणा. त्यातले काहीही हलवू नका, काही भरू नका, कोणाला खायला देऊ नका. बहिणीची औषधाची वही आणा. बाहेरच्या दुकानातून किंवा वैद्याकडून काही आणले असेल तर तेही आणा. सोमवारी दुपारी दोननंतर या. तेव्हा गर्दी नसते. निसामुद्दीन."

चिठ्ठीत साखर नव्हती. गोमतीला माणूस आवडला.

सोमवारी त्याने तिला आत, औषधांच्या कपाटांमध्ये, लाकडी स्टुलावर बसवले. प्रथम त्याने भार्गवीची वही पाहिली आणि मग आपली वाटपाची नोंद काढून तिच्याशी ताडली. बाहेरून काही आणले नव्हते, हे त्याने दोनदा विचारून घेतले.

"काढा, अरिष्ट, मुळी, काहीच नाही?"

"गुडघ्याला तेल. ते काही तिनं प्यायलं नाही."

"बरं. शेवटचं औषध चार तारखेला नेलंय. तीस दिवसांचं. पाचपासून सुरू केलं?"

"पाचपासून. ती गेली सतराच्या पहाटे. त्या दिवशीची घ्यायची राहिली."

"म्हणजे बारा दिवस. तिसातून बारा गेल्या की अठरा राहायला हव्यात." त्याने हातमोजे चढवले, तबकातल्या रक्तदाबाच्या खणातल्या गोळ्या एका स्वच्छ बशीत ओतल्या आणि मोजल्या. अठरा. पाण्याच्या खणातल्या दुसऱ्या बशीत ओतून मोजल्या. अठरा.

मग त्याने कपाटातून त्याच पुरवठ्यातल्या दोन पट्ट्या शोधून आणल्या आणि दोहोंतून एकेक गोळी काढली. समोरून दोन्ही जुळ्यासारख्या होत्या. दोहोंनाही चीर होती. त्याने त्या आडव्या धरल्या. एकीची कड सरळ होती. दुसरी थोडी जाड होती आणि तिची कड कलती तासलेली होती. त्याने पहिल्या बशीतली प्रत्येक गोळी आडवी करून पाहिली, मग दुसऱ्या बशीतली. गोमतीची नजर त्याच्या हातांवरून हलली नाही.

"या खणात सगळ्या सरळ कडेच्या. त्यात सगळ्या कलत्या. एकही इकडची तिकडे नाही," तो म्हणाला.

"या महिन्यात नाही. मागच्या महिन्यांत असतील."

"मागच्या महिन्यांतलं आज कोण सांगणार, अम्मे?"

"मग लिहून काय देशील?"

निसामने एका वाटीत दोन्ही प्रकारच्या दहा दहा गोळ्या मिसळल्या आणि वाटी तिच्यापुढे सरकवली. "तुमच्या पत्रात लिहिलंय, डबा तुम्हीच भरत होतात. कशा भरत होतात ते दाखवा. या गोळ्या मी नंतर फेकायच्यांत टाकीन, काळजी नको."

गोमतीने पदराला हात पुसले. सवयीने तिने परात असावी तशी वाटी मांडीवर घेतली आणि समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत राहिली. कारखान्यात ती अशीच खिडकीबाहेर बघत असे. ज्या बोटांना रेशनचे यंत्र ओळखत नव्हते, ती बोटे वाटीत फिरली. एक डावीकडे, एक उजवीकडे. तिसऱ्यांदा श्वास घेण्याच्या आत वाटी रिकामी झाली होती.

निसामने दोन्ही ढीग आडवे करून तपासले. डावीकडे दहा. उजवीकडे दहा.

"अम्मे," तो म्हणाला, "मी हे चष्मा लावून, उजेडात धरून केलं. तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत. हा हात दरमहा निवडत होता. अदलाबदल झाली नाही, असं मी लिहून देतो. सही करतो."

गोमतीने डोळे मिटले. तिच्या छातीवरचा एक मोठा धोंडा सरकला. पण चिंधीतल्या पंचवीस गोळ्या अजून तिथेच होत्या. निसामने त्या शेवटी तपासल्या. पंचवीसच्या पंचवीस कलत्या कडेच्या, जाड. तिने नमुना म्हणून पाठवलेली गोळीही त्यातच धरली होती.

"बहिणीला इथून जे जे मिळालं, त्यातल्या फक्त पाण्याच्या गोळीशी या जुळतात," तो म्हणाला. "प्रयोगशाळेची खात्री ही नव्हे, पण माझी आहे. तिनं त्या खणातून रोज बाहेर काढल्या. काही दिवस मात्र गिळल्या नाहीत."

"का?"

"ते मला कसं कळणार? पण ही गोळी घेतली की पुढचे चार-पाच तास माणसाला सारखं उठावं लागतं. बाहेर जायचं असलं की पुष्कळ जण ती टाळतात. आम्हाला सांगत नाहीत. सांगायला लाजतात." त्याने चष्मा पुसला. "ती आठवड्यातून काही ठरावीक दिवशी कुठं जात होती का? देवळात? कुणाकडे?"

गोमतीने डबा जवळ ओढून घेतला.

घरी आल्यावर तिने आपली वर्गाची वही काढली. ललितांबिका टीचरांचा दंडक होता की प्रत्येक दिवसाचे लेखन नव्या पानावर सुरू करायचे आणि वर तारीख घालायची. पहिल्या पानावरची तारीख वाकडीतिकडी होती, कारण तो तिने आयुष्यात लिहिलेला पहिला आकडा होता. भार्गवीच्या मृत्यूपूर्वीची तारखेची पाने तिने बोट लावून मोजली. सव्वीस होती. एका रविवारी भार्गवीला ताप होता आणि गोमती एकटीच गेली होती. ते पान तिने वगळले. पंचवीस.

वाचनालयाच्या माडीवर जाणारा जिना अरुंद होता, आणि मोरी किंवा संडास असे काहीच तिथे नव्हते. सत्तरीला आलेल्या गोमतीला मुलांच्या बाकावर बसायची लाज वाटत होती. पहिल्या दिवशी ती अर्ध्या जिन्यावरून परत फिरली होती. तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची भार्गवी कठड्याला धरून तिच्यामागे चढली होती.

"चेची, तू कशाला येतेस? तुला दम लागतो."

"तू पळून जाशील म्हणून. चल. तू लिही, मी बसते."

आणि ती बसली होती. प्रत्येक शनिवारी, प्रत्येक रविवारी, वर्गाबाहेरच्या बाकावर, जेवण झाल्यापासून चार वाजेपर्यंत. ती एकदाही उठली नाही. गोमतीला आठवले, एकदा टीचर म्हणाल्या होत्या, "तुमच्या बहिणीची बैठक बघा. पुतळा बसवल्यासारखी." त्या वेळी सगळे हसले होते. भार्गवीही हसली होती.

गोमतीने वही मिटली. त्या संध्याकाळी तिने चूल पेटवली नाही.

पुढल्या दिवशी दुपारी दोननंतर ती पुन्हा निसामकडे गेली आणि सव्वीस पानांची गोष्ट तिने त्याला सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाली, "आता एकच विचारते. त्यामुळं ती गेली का?"

निसामने कागद ओढला आणि बराच वेळ लिहिले. तिने तो कागद तिथेच, स्टुलावर बसून वाचला. त्याने एकाही शब्दाला मदत केली नाही.

"आपल्या बहिणीचे हृदय चार वर्षे अशक्त होते. आठवड्यातून दोन दिवस पाण्याची गोळी चुकल्याने अंगात पाणी वाढू शकते. त्यामुळेच मृत्यू झाला, असे म्हणता येत नाही. त्याचा काही संबंध नव्हता, असेही म्हणता येत नाही. हे कोणीही ठरवू शकणार नाही. डबा भरण्यात आपली चूक झाली नाही. गोळी टाळण्याऐवजी त्या दिवशी तिची जेवणानंतरची वेळ बदलता आली असती. वर्गाहून परतल्यावर चार वाजता घेता आली असती. डॉक्टरांना विचारून आम्ही तसे सांगितले असते. गोळी रोज घेता का, हे विचारायला आम्ही चुकलो."

"चार वाजता," गोमती म्हणाली.

"हो."

"एवढंच होतं?"

"एवढंच, अम्मे."

तिने कागदाची घडी घातली. तिने मागितले होते तसेच उत्तर तिला मिळाले होते, आणि ते तिला पूर्ण वाचता आले होते. ती रडली नाही. थोड्या वेळाने तिने चिंधी पुढे केली. "या तू ठेव. कायलाच्या पाण्यात सोडणार होते मी."

"पाण्यात टाकायच्या नाहीत. मुदत संपलेल्यांबरोबर जातील." त्याने गोळ्या घेतल्या आणि चिंधी परत दिली. "आणि तुमच्या स्वतःच्या गोळ्या पट्टीतच राहू द्या. हात कितीही चांगला असला तरी. पट्टीवर नाव असतं, मुदत असते, ओल लागत नाही. आता तर तुम्हाला वाचताही येतं."

"ठेवीन," ती म्हणाली. दारात ती थांबली. "तुझ्या खिडकीवर कागद लावायला जागा आहे का?"

पुढच्या गुरुवारी औषधाच्या खिडकीशेजारी जाड पुठ्ठ्यावर डकवलेला कागद होता. अक्षर मोठे आणि ओळी किंचित चढत्या होत्या. "पाण्याची गोळी घेणाऱ्यांस विनंती. बाहेर जाण्याच्या दिवशी गोळी टाकू नये. लपवून ठेवू नये. वेळ बदलून मिळते. येथे विचारावे. लाजू नये. गोमती."

पोन्नम्मा रांगेतून त्याकडे बघत होती. "तुझं नाव आहे म्हणतात तिथं. काय लिहिलंयस? मला काय, काळ्या मुंग्या दिसतात नुसत्या."

गोमतीने प्रत्येक ओळीखाली बोट धरून तिला वाचून दाखवले. जोडाक्षराशी ती थांबली आणि पुढे गेली. पोन्नम्माने ऐकून घेतले. रांग दोन माणसे पुढे सरकली, तशी ती गोमतीच्या कानाशी आली.

"मी टाकते गं. भाचीच्या लग्नाला टाकली. दर मंगळवारी देवळात जाताना टाकते. एवढ्या बायकांत कुठं उठत बसायचं?"

"निसामला सांग."

"मी? त्या पोराला? काय सांगू?"

"मला आत्ता जे सांगितलंस तेच."

"तू सांग ना माझ्या वतीनं. तुला आता लिहिता-बोलता येतं."

गोमतीने मान हलवली. खिडकीखाली एक बाक होते. ती त्याच्या कडेला जाऊन बसली आणि भार्गवीची चिंधी तिने मुठीत धरली.

"तू बोल," ती म्हणाली. "मी बसते."